शून्यापासून न गाठता येणारी संख्या

0, 1, 2, 3 या ओळीतली कुठलीही संख्या घ्या. शून्यापासून एकेक पुढे सरकत गेलं की कधी ना कधी ती गाठता येते, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नसते. पण नेमकी हीच गोष्ट फर्स्ट ऑर्डर लॉजिकच्या भाषेत लिहून पक्की करता येत नाही. संख्यांचे शंभर नियम लिहा, नाहीतर अनंत लिहा, त्यात पळवाट उरतेच. ती का उरते, हे कॉम्पॅक्टनेस प्रमेय सांगतं. कुर्ट गोडेल यांनी ते 1930 मध्ये दिलं आणि 1936 मध्ये अनातोली माल्त्सेव यांनी आणखी व्यापक केलं.

आधी ही भाषा कशी आहे ते पाहू. तिच्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर-तर’ आहेत. ‘प्रत्येक संख्येसाठी’ आणि ‘अशी एक तरी संख्या आहे’ असंही म्हणता येतं. पण ‘संख्यांच्या प्रत्येक संचासाठी’ असं म्हणायची सोय नाही, आणि प्रत्येक विधान कुठेतरी संपलंच पाहिजे. काही विधानं ज्या गणिती जगात एकाच वेळी खरी ठरतात, त्या जगाला त्या विधानांचं मॉडेल म्हणतात.

प्रमेय असं: अनंत विधानांची यादी घ्या. तिच्यातली कुठलीही मोजकी विधानं निवडली तरी त्यांना मॉडेल मिळत असेल, तर सगळ्या यादीलाही मिळून एक मॉडेल असतंच.

आता एक यादी करू. नेहमीच्या संख्यांबद्दल या भाषेत जी जी विधानं खरी आहेत, ती सगळी तिच्यात घालू. मग c हे एक नवं नाव घेऊ आणि त्याबद्दल ही विधानं जोडू: c > 0, c > 1, c > 2, c > 3, आणि असंच पुढे, कधीही न थांबता. या यादीतून कुणी मोजकी विधानं उचलली, तर c बद्दलची त्यातली सर्वांत मोठी मागणी समजा c > 1000 असेल. मग c म्हणजे 1001 मानलं की काम झालं. नेहमीच्या संख्याच मॉडेल म्हणून पुरतात. दुसऱ्या कुणी c > 10,00,000 उचललं, तर c ला 10,00,001 मानायचं. मोजकी निवड कधीच अडत नाही. म्हणून प्रमेयानुसार सगळ्या यादीलाही मॉडेल आहे, आणि त्यात c ही संख्या 0, 1, 2 ... या प्रत्येकीपेक्षा मोठी आहे!

इथे गैरसमज होण्याचा धोका आहे. ही c आपल्या नेहमीच्या संख्यांमध्ये कुठेतरी दडलेली नव्हती. प्रत्येक मोजक्या निवडीला नेहमीच्या संख्या चालल्या, सगळ्या यादीला मात्र त्या चालत नाहीत. तिथे वेगळंच जग लागतं, आणि ते आहे एवढीच हमी प्रमेय देतं.

ही हमी कुठून येते? गोडेल यांचंच दुसरं प्रमेय सांगतं की एखाद्या यादीला मॉडेल नसेल, तर तिच्यातून विसंगती सिद्ध करता येते. पण कुठलीही सिद्धता मोजक्या ओळींची असते, म्हणून ती यादीतली मोजकीच विधानं वापरते. तेवढ्यातच विसंगती असेल तर त्या मोजक्या विधानांनाही मॉडेल मिळणार नाही. आपण तर पाहिलं की मोजक्या निवडीला ते नेहमी मिळतं.

नव्या जगात c एकटी नाही. तिच्यामागे c−1, c−2 आहेत आणि पुढे c+1, 2c आहेत. नेहमीची सगळी विधानं तिथेही खरी असल्याने c एकतर सम आहे किंवा विषम. शिवाय ती चार वर्गांची बेरीज आहे, कारण लाग्रांज यांचं तसं प्रमेय या भाषेत लिहिता येतं. मात्र अशा ‘दूरच्या’ संख्यांमध्ये सर्वांत लहान कुठलीच नाही. c दूरची असेल तर c−1 ही दूरचीच. मग ‘संख्यांच्या प्रत्येक अरिक्त संचात सर्वांत लहान संख्या असते’ या नियमाचं काय? तो संचांबद्दल आहे, म्हणून आपल्या यादीत तो जसाच्या तसा आलाच नव्हता. या भाषेत वर्णन करता येणाऱ्या संचांना तो तिथेही लागू पडतो. यावरून कळतं की ‘दूरच्या संख्या’ या संचाचं वर्णनच या भाषेत होत नाही.

‘प्रत्येक संचासाठी’ म्हणायची मुभा देणारी सेकंड ऑर्डर भाषा वापरली, तर हा नियम लिहिता येतो आणि c सारख्या संख्यांना जागा उरत नाही. पण मग वरच्याच यादीच्या प्रत्येक मोजक्या भागाला मॉडेल असतं आणि सगळ्या यादीला नसतं, म्हणजे कॉम्पॅक्टनेस हातची जाते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

अब्राहम रॉबिन्सन यांनी 1960 च्या सुमारास हीच युक्ती वास्तव संख्यांवर चालवली. त्यांनी शून्याहून मोठी, पण 1/2, 1/3, 1/4 ... या प्रत्येकापेक्षा लहान अशी संख्या मागितली, आणि लायबनिझ ज्या अतिसूक्ष्म राशींनी कलनशास्त्र मांडत होता त्यांना भक्कम पाया मिळाला.