भिंतीचा उष्णतारोध

विजेच्या मंडलात एकसर जोडलेल्या रोधांची बेरीज करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेलाही हाच नियम लागू पडतो, कारण तीच उष्णता एकेक थर ओलांडत पुढे जाते. थराची जाडी d मीटर आणि उष्णतावाहकता k असेल, तर एक चौरस मीटर क्षेत्राचा रोध R = d / k.

दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर गिलावा असलेली २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत घेऊ. विटेची k सुमारे ०.८१ आणि गिलाव्याची ०.७२ आहे. म्हणून विटांचा रोध ०.२८४ आणि दोन्ही गिलाव्यांचा मिळून ०.०४२ येतो. पण बेरीज इथेच थांबवली, तर उत्तर चुकेल. भिंतीला लागून हवेचे एक मंद पटल असते. आतल्या पटलाचा रोध ०.१३ आणि वाऱ्यामुळे पातळ झालेल्या बाहेरच्या पटलाचा ०.०४ धरतात.

एकूण R = ०.१३ + ०.०४२ + ०.२८४ + ०.०४ = ०.४९६

याचा व्यस्त, म्हणजे सुमारे २.०, हे भिंतीचे यू-मूल्य. तापमानात एक अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरमधून २ वॅट उष्णता जाते. बेरीज नेहमी रोधांची करायची, यू-मूल्यांची नव्हे.

आता त्याच विटांच्या साडेअकरा सेंटिमीटरच्या दोन भिंती करून मध्ये ५ सेंटिमीटर बंद पोकळी ठेवू. हवेची k ०.०२६ आहे. त्यावरून पोकळीचा रोध ०.०५ / ०.०२६, म्हणजे १.९ यावा. प्रत्यक्षात तो केवळ ०.१८ असतो! कारण पोकळीतली हवा स्थिर राहत नाही. ती उष्ण बाजूने वर चढते आणि थंड बाजूने खाली येते. शिवाय समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये प्रारणाने उष्णता जाते, आणि हाच वाटा मोठा असतो. म्हणून पोकळी १० सेंटिमीटर केली तरी विशेष लाभ होत नाही. मात्र एका पृष्ठभागावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, तर प्रारण घटून पोकळीचा रोध सुमारे तिप्पट होतो.

पत्र्याविना एकूण रोध ०.६७६ आणि यू-मूल्य १.४८ येते. विटा तेवढ्याच, पण उष्णता पावपटीहून अधिक घटली.

हे पडताळून कसे पाहावे? बाहेर ४० अंश आणि खोलीत ३० अंश तापमान असेल, तर साध्या भिंतीतून सुमारे २० वॅट येतात. आतल्या पटलात तापमान २० × ०.१३ = २.६ अंशांनी उतरते, म्हणून भिंतीचा आतला पृष्ठभाग ३२.६ अंशांवर असला पाहिजे. पोकळीच्या भिंतीचा तो ३१.९ येईल. यापेक्षा पृष्ठभाग बराच गरम लागला, तर पोकळीत बाहेरची हवा शिरत असेल, दोन्ही भिंती विटांनी जोडल्या गेल्या असतील, किंवा विटा ओल्या असतील.

मात्र हे गणित तापमान स्थिर असतानाचे आहे. दुपारच्या उन्हात तापलेली भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. त्यासाठी भिंतीची उष्णता साठवण्याची क्षमताही विचारात घ्यावी लागते.