चढत्या सौद्यात उतरती भर

शेअर घेतला आणि भाव पडला की ‘ॲव्हरेज करायला’ आणखी शेअर घेणारे पुष्कळ असतात. भाव वर गेला की मात्र तीच मंडळी थोडासा नफा पदरात पाडून मोकळी होतात. तोट्यातल्या सौद्यात पैसे वाढतात आणि नफ्यातला सौदा लहानच राहतो. पिरॅमिडिंगची पद्धत नेमकी याच्या उलट आहे. अंदाज बरोबर ठरतोय असं बाजाराने दाखवलं, तरच त्यात भर घालायची. प्रत्येक भर आधीपेक्षा लहान ठेवायची आणि प्रत्येक वेळी स्टॉप लॉस वर सरकवायचा.

एक काल्पनिक सौदा पाहू. ५०० रुपये भावाने १०० शेअर घेतले आणि स्टॉप लॉस ४८० ला लावला. अंदाज चुकला तर तोटा २,००० रुपये. भाव ५३० झाल्यावर आणखी ५० शेअर घेतले. आता १५० शेअरची सरासरी खरेदी ५१० रुपये पडते. स्टॉप लॉस ५१० ला आणला, की भाव तिथवर घसरला तरी पहिल्या १०० शेअरवर हजार रुपये मिळतात आणि नव्या ५० वर हजारच जातात. हिशेब बरोबरीत सुटतो.

भाव ५६० झाला. आता फक्त २५ शेअरची भर आणि स्टॉप लॉस ५४० ला. इथून सौदा बंद झाला तर पहिल्या शेअरवर ४,००० रुपये नफा होतो, दुसऱ्या खेपेवर ५०० मिळतात आणि तिसऱ्या खेपेवर ५०० जातात. शेअर १७५ झाले आणि ४,००० रुपये नफाही राखला गेला, तोही दलाली आणि कर वजा होण्याआधीचा.

भर लहानच का? दुसऱ्या खेपेला ५० ऐवजी २०० शेअर घेतले असते, तर सरासरी थेट ५२० वर गेली असती. त्याच ५१० च्या स्टॉप लॉसवर ३,००० रुपये तोटा झाला असता, म्हणजे मूळ जोखमीपेक्षाही जास्त. तो टाळायला स्टॉप लॉस ५२० ला आणावा, तर चालू भावापासून तो अवघ्या दहा रुपयांवर येतो. रोजच्या चढउतारातच तो उडण्याची शक्यता मोठी. म्हणून आधी चार्टवर स्टॉप लॉसची योग्य जागा ठरवायची, बहुधा अलीकडच्या तळाच्या जरा खाली, आणि तिला परवडेल एवढीच भर घालायची.

या पद्धतीचं गाजलेलं उदाहरण शिकागोचं आहे. ट्रेडिंग शिकवता येतं का, या वादातून वायदेबाजारातले व्यापारी रिचर्ड डेनिस यांनी सहकारी विल्यम एकहार्ट यांच्याबरोबर १९८३ मध्ये ‘टर्टल’ नावाने ओळखला गेलेला शिष्यगट तयार केला. त्यांच्या नियमांत भाव रोज सरासरी किती हलतो हे माप धरलं होतं. भाव त्या मापाच्या निम्म्याने पुढे गेला की नवी खेप, जास्तीत जास्त चार खेपा, आणि प्रत्येक भरीबरोबर आधीच्या खेपांचे स्टॉप लॉसही तेवढेच पुढे.

मात्र त्यांच्या खेपा सारख्या आकाराच्या आणि जवळजवळ होत्या. एका खेपेची सुरुवातीची जोखीम खात्याच्या सुमारे दोन टक्के. चार खेपा पूर्ण झाल्यावर, स्टॉप लॉस सरकवूनही, ती पाच टक्क्यांवर जाई. स्टॉप लॉस हलवला म्हणजे जोखीम आपोआप घटली, असं नसतं. लहान आणि अंतराने घातलेली भर इथे कामाला येते.

प्रत्यक्षात घोळ होतो तो बहुधा ऑर्डरमध्ये. ५० शेअर वाढवले, पण जुनी स्टॉप लॉस ऑर्डर १०० शेअरचीच राहिली, तर उरलेले ५० उघडे पडतात. त्या दिवसापुरतीची ऑर्डर संध्याकाळी रद्द होते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावी लागते. भर घातल्यावर ऑर्डर बुकमधली संख्या आणि हातातल्या शेअरची संख्या जुळते का, हे तिथल्या तिथे पाहावं.

एका धोक्यावर मात्र स्टॉप लॉसचा इलाज चालत नाही. वरच्या सौद्यात रात्री वाईट निकाल आले आणि शेअर सकाळी थेट ५०० ला उघडला, तर ५४० चा भाव मिळणारच नाही. १७५ शेअर ५०० ला विकून ३,००० रुपये तोटा होईल. नुसते पहिले १०० असते तर काहीच गेलं नसतं. त्यामुळे तिमाही निकालाच्या तोंडावर भर घालू नये.

नवी खेप घेण्याआधी एक बेरीज कागदावर करा: नव्या स्टॉप लॉसवर सगळे शेअर विकले, तर एकूण किती जातील? उत्तर पहिल्या दिवशी मान्य केलेल्या तोट्यापेक्षा मोठं आलं, तर भर कमी करा किंवा घालूच नका.