साडेतीन फुटांवरून दिसणारी शाळा
प्रवेशाच्या व्हिडिओची पटकथा कशी लिहावी

होळी झाली की देवळीत शाळांच्या प्रवेशाची गडबड सुरू होते. चौकात फ्लेक्स लागतात, आणि हल्ली त्यांच्या आधीच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर शाळांचे व्हिडिओ येऊन पडतात. बहुतेक एकाच साच्यातले असतात: ड्रोनमधून इमारत, अध्यक्षांचं मनोगत, संगणक कक्ष, स्नेहसंमेलनातला नाच, खाली धावती पट्टी. छोट्या खासगी शाळेला हा साचा परवडत नाही. ड्रोनमधून दाखवण्याजोगी इमारत तिच्याकडे नसते आणि मोठ्या शाळेच्या शेजारी तिचा संगणक कक्ष केविलवाणा दिसतो. तिच्याकडे असतं ते वेगळं: वर्गात मोजकी मुलं, आणि प्रत्येकाला नावानं ओळखणाऱ्या मॅडम. ते दाखवायला मुलाच्या नजरेतून एक दिवस हा घाट उत्तम. मात्र तो पटकथेत नीट बांधावा लागतो.

उदाहरणापुरती एक शाळा धरू. देवळी गावातलीच, नर्सरी ते चौथी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी. व्हिडिओ दीड मिनिटाचा, फोनवर उभा पाहिला जाणारा. त्यातली मुलगी पहिलीतली, साधारण सहा वर्षांची.

आधी उंची ठरवा

सहा वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. पटकथेच्या पहिल्या पानावर ‘कॅमेरा साडेतीन फुटांवर, सगळीकडे’ हे एक वाक्य लिहून टाकायचं. त्यानं अर्धं काम होतं. या उंचीवरून मॅडम उभ्या असल्या तर त्यांच्या साडीच्या निऱ्या आणि हातातला खडू दिसतो. त्या खाली बसल्या तरच चेहरा दिसतो. फळा उंच वाटतो, गेट प्रचंड वाटतं, दप्तरांची रांग डोळ्यांसमोर येते. मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून चित्रीकरण करून वर मुलीचा आवाज चढवला, तर तो साहेबांनी केलेला शाळेचा दौरा होतो.

दुसरा नियम त्यातूनच निघतो: मुलीला जे दिसत नाही ते पडद्यावर नाही. संस्थेचं स्थापना वर्ष, फी, निकाल, ‘सर्वांगीण विकास’ हे तिच्या जगात नाही. ते शेवटच्या पाटीवर मोठ्यांच्या भाषेत येईल. मुलगी शाळेची स्तुतीही करणार नाही. ‘माझी शाळा मला खूप आवडते’ हे वाक्य कॅमेऱ्यासमोरचं मूल म्हणतं तेव्हा ते घोकून आलंय हे कोणत्याही आईला कळतं.

एक दिवस वर्गात बसा

लिहिण्याआधी पटकथाकारानं एक पूर्ण दिवस पहिलीच्या वर्गात मागे, जमिनीवर बसून काढावा. मुलं कशापाशी थांबतात तेवढंच टिपायचं. आपली चप्पल कुठे ठेवायची हा त्यांचा मोठा प्रश्न असतो. पाण्याच्या नळाला हात पुरतो का, डब्यात शेजारच्यानं काय आणलंय, आई नेमकी कुठपर्यंत येते, या गोष्टींत त्यांचा दिवस जातो. पालकांचे प्रश्नही नेमके हेच असतात, फक्त ते विचारायला संकोचतात. म्हणून मुलीची नजर प्रामाणिक ठेवली की पालकांना उत्तरं आपोआप मिळतात.

पटकथा

पान दोन भागांत असतं: दृश्य आणि आवाज. प्रत्येक प्रसंगापुढे सेकंद लिहायचे. आपल्या नमुन्यात ते असे बसतात.

१. गेट, ८ सेकंद.
दृश्य: आईचा हात, बांगड्या, हात सुटतो. गेटमधून आत.
आवाज: ‘आई इथपर्यंतच येते.’

२. व्हरांडा, ८ सेकंद.
दृश्य: चपलांची रांग. छोटे पाय स्वतःची जागा शोधतात.
आवाज: ‘ही माही जागा. फुलाचं चित्र हाय ना, ती.’

३. परिपाठ, १० सेकंद.
दृश्य: पुढच्यांच्या वेण्या, पाठी, जोडलेले हात.
आवाज: निवेदन नाही. फक्त मुलांचा खरा आवाज.

४. गणिताचा तास, २२ सेकंद.
दृश्य: चटईवर चिंचोके. दहा-दहाचे ढीग.
आवाज: खाली पाहू.

५. डबा, १४ सेकंद.
दृश्य: उघडणारे डबे, पोळीचा तुकडा इकडून तिकडे.
आवाज: ‘तू कायची भाजी आणली?’ ‘वांग्याची.’ ‘मले दे थोडी.’

६. नळ, ६ सेकंद.
दृश्य: मुलांच्या उंचीचा नळ, साबण, मागे स्वच्छतागृहाचं दार.
आवाज: पाण्याचा.

७. मैदान, ८ सेकंद.
दृश्य: पळती पावलं, धूळ, कॅमेराही पळतो.
आवाज: ओरडा, हसू.

८. परत गेट, ६ सेकंद.
दृश्य: गेटबाहेरच्या पायांच्या गर्दीतून ओळखीची चप्पल.
आवाज: ‘आई!’

९. पाटी, ८ सेकंद.

बेरीज नव्वद. मुलं सावकाश बोलतात, मध्ये थांबतात. मिनिटाला शंभर शब्द धरले तरी दीड मिनिटात दीडशे होतात. त्याच्या निम्म्याहून कमी वापरायचे. उरलेली जागा शाळेच्या आवाजाला हवी.

मुलीच्या तोंडी ‘मले’, ‘माही’, ‘कायची’ मुद्दाम ठेवलंय. वर्ध्याकडचं मूल घरी असंच बोलतं, आणि ते वर्गात चालतं हे कळलं की पालक निर्धास्त होतात. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मुलं जितकं इंग्रजी खरंच बोलतात तितकं वर्गाच्या प्रसंगात येऊ द्या. डब्याच्या वेळी बोललेलं इंग्रजी खोटं वाटतं.

चौथ्या प्रसंगात थांबायचं

दीड मिनिटातले बावीस सेकंद एका प्रसंगाला दिले आहेत, कारण शाळा कशी शिकवते हे तिथेच दिसतं. फळ्यावर ३४ लिहिलंय. मुलगी चिंचोके मोजते, दहाचे तीन ढीग करते, पण सुटे चारऐवजी पाच ठेवते. मॅडमची साडी चौकटीत येते, मग त्या खाली बसतात आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसतो. त्या चुकलं म्हणत नाहीत. म्हणतात, ‘सुटे पुन्हा मोज बरं.’ मुलगी बोटानं एकेक सरकवते: एक, दोन, तीन, चार. पाचवा उचलून डब्यात टाकते. मॅडम उठून जातात.

चूक ठेवायची का, असा प्रश्न शाळा हमखास विचारते. ठेवायची. बरोबर उत्तर देणारं मूल सगळ्या व्हिडिओंत असतं. मूल चुकल्यावर बाई काय करतात हे पालकाला कुठेच दिसत नाही. फक्त चूक त्या मुलीची स्वतःची वाटू नये म्हणून ती आधी खेळासारखी ठरवून घ्यावी, आणि चिंचोके तिलाच मोजू द्यावेत.

चित्रीकरण कधी आणि कसं

प्रवेश मार्चपासून सुरू होत असले तरी चित्रीकरण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला उरकावं. नंतर परीक्षा येतात, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे सकाळच्या होतात आणि मैदानावरचं ऊन कॅमेऱ्यात पांढरंफटक दिसतं. वर्गाचा प्रसंग खिडकीजवळ घ्या. ट्यूबलाइटखाली घ्यावाच लागला तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन बहुधा सेकंदाला ३० चौकटी टिपतो. २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात.

मुलीला संवाद पाठ करून देऊ नका. आधी दृश्य घ्या. मग शांत खोलीत, गाद्या-रजया असलेली असेल तर उत्तम, तिला दृश्य दाखवून विचारा, ‘हे काय आहे?’ तिच्या उत्तरातलं वाक्य पटकथेतल्या वाक्यापेक्षा बहुतेक वेळा चांगलं निघतं. निघालं तर आपलं खोडायचं. शाळा नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या आवाजाच्या टप्प्यात असेल तर वर्गातला आवाज वेगळ्या फोनवर, मुलांच्या जवळ ठेवून घ्या.

पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणं नको. हक्कधारकाची परवानगी नसेल तर यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम आवाज बंद करू शकतं, आणि या पटकथेत आवाज गेला की काहीच उरत नाही.

काय दाखवायचं नाही

प्रवेशासाठी मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेतानाचा प्रसंग कधीही लिहू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ अशी चाळणी आणि देणगी दोन्ही मना करतं. चाळणीला पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. दप्तरं बाहेर लटकलेली, मुलांनी खच्चून भरलेली ऑटोही चौकटीत नको. ती दिसली की पालक बाकीचं सारं विसरतो. पर्याय म्हणजे ऑटो टाळणं नव्हे, आधी तिची गर्दी कमी करणं.

दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि व्हिडिओ कुठे, किती काळ दिसेल हे त्यात लिहा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. मुलीचं पूर्ण नाव, ओळखपत्र, घराचा पत्ता किंवा व्हॅनचा नंबर पडद्यावर वाचता येऊ नये. संमती न दिलेल्या मुलांना त्या तासाला बाहेर बसवायचं नाही. त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवून तास नेहमीसारखा चालू द्यायचा.

शेवटच्या पाटीवर शाळेचं नाव, माध्यम, वर्ग, यूडायस क्रमांक, वेळ आणि कार्यालयाचा फोन एवढंच. ‘जिल्ह्यात नंबर एक’ लिहायचं असेल तर ते सिद्ध करणारा कागद हाताशी हवा. पंचवीस टक्के राखीव प्रवेश लागू असतील तर तेही एका ओळीत लिहावं.

पाठवण्याआधी

कच्चा व्हिडिओ शाळेशी संबंध नसलेल्या दोन-तीन आयांना साध्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवून दाखवा, म्हणजे दबलेल्या चित्रात पाटीवरची अक्षरं वाचता येतात का हेही कळतं. पाहून झाल्यावर एकच विचारायचं: काय दिसलं? ‘छान आहे’ एवढंच उत्तर आलं तर प्रसंग सरधोपट झालेत. बहुधा कॅमेरा वर चढलेला असतो किंवा निवेदन वाढलेलं. ‘एका मॅडमकडे किती पोरं आहेत?’ किंवा ‘डबा खाताना कोणी लक्ष देतं का?’ असा उलट प्रश्न आला तर पटकथा जागेवर आहे. असे प्रश्न लिहून कार्यालयात ठेवावेत. प्रवेशाच्या दिवसांत फोन उचलणाऱ्याला त्यांचीच उत्तरं द्यायची असतात, आणि ती व्हिडिओत दिसलेल्या शाळेशी जुळली पाहिजेत.