राजीनाम्यातील एक वाक्य

"काही घरगुती अडचणींमुळे मला नोकरी पुढे चालू ठेवणे शक्य नाही, तरी माझा राजीनामा स्वीकारण्यात यावा." हे वाक्य आमच्या हाताखालून किती वेळा गेले असेल याची गणती नाही. बडोद्यातील एका कारखान्याच्या आस्थापना विभागात आम्ही तीस वर्षे काढली. राजीनामा आला, की त्यावर आवक-क्रमांक घालावयाचा, साहेबांची सही घ्यावयाची आणि तो कागद त्या व्यक्तीच्या फायलीत लावून टाकावयाचा, हा आमचा परिपाठ. त्या सर्वच घरगुती अडचणी खऱ्या नसत, हे आम्हांस ठाऊक होते. दोन-तीन प्रसंगी तर, बाई रडवेल्या चेहऱ्याने समोर उभ्या असता, "घरगुती कारण लिहा, म्हणजे अनुभवाचा दाखला विनासायास मिळेल," असा सल्ला आम्हीच दिला आहे. सल्ला सद्‌हेतूने दिला होता. पण तो चुकीचा होता, हे लिहिण्यास आज संकोच वाटत नाही.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते 2025 च्या एप्रिल महिन्यातील एका संध्याकाळचे. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या शेजारीणबाई आपल्या लेकीस घेऊन घरी आल्या. (मुलीची ओळख पटेल असे काही तपशील येथे बदलले आहेत. तसे करणे केवळ सौजन्याचे नव्हे, कायद्यानेही आवश्यक आहे.) मुलगी शहराबाहेरच्या एका कंपनीत सहा वर्षे हिशेबाचे काम करीत होती. ऑक्टोबरपासून विभागप्रमुखांचे बोलणे आणि वागणे बिघडत गेले होते, आणि 18 फेब्रुवारीस त्यांनी मर्यादा ओलांडली. दोन दिवसांनी तिने कार्मिक अधिकाऱ्यांस तोंडी सांगितले, 3 मार्चला ई-मेलने लिहून कळविले. उत्तर आले नाही. मात्र मार्चअखेर तिचे टेबल दुसऱ्या मजल्यावर हलविण्यात आले आणि वेतनवाढ रोखण्यात आली.

"भाऊ, आता तिला तिथे नकोच," आई म्हणाल्या. "पण बोभाटा नको. राजीनामा देऊन टाकू, नोटिशीचा महिना सुखाने जाऊ दे. मग बाहेर पडल्यावर तक्रारीचे काय ते बघू."

मुलीने पर्समधून राजीनाम्याचा मसुदा काढला. त्यात तेच वाक्य होते.

त्या रात्री आम्ही तिघे कॅलेंडर समोर घेऊन बसलो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध जो कायदा 2013 साली झाला, त्यानुसार तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. 18 फेब्रुवारीपासून तीन महिने म्हणजे 18 मे. राजीनामा 21 एप्रिलला दिला, तर नोटिशीचा महिना 20 मे रोजी संपणार. आईंच्या म्हणण्याप्रमाणे "बाहेर पडल्यावर" तक्रार द्यावयाची म्हटली, तर मुदत दोन दिवस आधीच उलटलेली असती! आणखी तीन महिने वाढवून देण्याचा अधिकार समितीस आहे, नाही असे नाही. परंतु तक्रारदार वेळेत येऊ शकली नाही याची समितीस खात्री पटावी लागते आणि ती कारणे नोंदवावी लागतात. "नोटीस संपण्याची वाट पाहत होते," हे कारण कितपत टिकेल, ते आम्ही सांगू शकलो नाही.

मुलीने विचारले, "काका, वेतनवाढ रोखली ती मार्चअखेरीस. तिथपासून तीन महिने धरले तर?" प्रश्न हुशारीचा होता, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. सप्टेंबर 2025 मध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकारच्या मुद्द्यावर निर्णय दिला. तेथील शेवटचा प्रसंग एप्रिल 2023 मधला, तक्रार डिसेंबरमधली. मध्यंतरी तक्रारदार बाईंना एका पदावरून दूर करण्यात आले होते. ती प्रशासकीय कारवाई म्हणजे छळाच्या मालिकेतील पुढचा प्रसंग नव्हे, असे न्यायालयाने मानले, आणि सहा महिन्यांची कमाल मर्यादाही उलटल्याने तक्रार मुदतबाह्य ठरली. हा निकाल आमच्या त्या बैठकीनंतरचा. पण त्या रात्री मुलीने 18 फेब्रुवारी हीच तारीख धरली, ते किती योग्य झाले हे त्यावरून कळते.

नोकरी सोडल्यावर तक्रारीचा हक्क जातो, हा एक दृढ समज आहे. तो खरा नाही. पीडित स्त्री नोकरीत असो वा नसो, तिला हा कायदा लागू आहे, असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. प्रसंग कामाच्या ठिकाणी घडलेला असला म्हणजे झाले. राजीनाम्याने हक्क जात नाही. तो जातो तारखेने. राजीनाम्याने जाते ते निराळेच. चौकशी चालू असता बदली मागणे किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळणे ही सवलत नोकरीत असणारीलाच उपयोगी. हे आम्ही तिच्यासमोर ठेवले. तिने नकारार्थी मान हलविली. त्या इमारतीत तिला परत बसावयाचे नव्हते, आणि त्याबाबत आग्रह धरणारे आम्ही कोण?

मग पत्र लिहावयास घेतले. तिच्या दुसऱ्या मसुद्यात चार पाने संताप होता. ती वाचताना आमचेही मन भरून आले, तरी आम्ही तो मसुदा बाजूस ठेवावयास सांगितले. घडलेल्या प्रसंगांचे वर्णन हे तक्रारीचे अंग आहे. तेथे ते सविस्तर यावे. राजीनामा मात्र शिपायापासून लेखापालापर्यंत अनेकांच्या हातांतून जातो. त्यात आरोप विस्ताराने लिहिले आणि प्रती दहा जणांस वाटल्या, तर समोरचा मनुष्य बदनामीची भाषा बोलू लागतो. ज्याला कारवाईचा अधिकार आहे त्याच्याकडेच सद्‌भावनेने केलेली तक्रार मात्र बदनामीतून वगळलेली आहे. म्हणून पत्र एकाच अधिकाऱ्याच्या नावे गेले. मूळ इंग्रजी पत्राचा आशय असा:

"मी माझ्या पदाचा राजीनामा देत असून एक महिन्याच्या नोटिशीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस 20 मे 2025 राहील. दिनांक 18 फेब्रुवारी 2025 रोजी व त्यापूर्वी विभागप्रमुखांकडून झालेल्या वर्तनाबाबत मी 20 फेब्रुवारीस तोंडी व 3 मार्च रोजी ई-मेलने आपणांस कळविले होते. त्यावर कोणती कार्यवाही झाली हे मला आजतागायत कळविण्यात आलेले नाही. या परिस्थितीत येथे काम करणे मला अशक्य झाले असल्याने मी नोकरी सोडीत आहे. एरवी नोकरी सोडण्याचा माझा विचार नव्हता. हा राजीनामा म्हणजे माझ्या तक्रारीची माघार नव्हे. अंतर्गत समिती, पोलीस अथवा अन्य योग्य अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवीत आहे. माझे वेतन, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी व अनुभवाचा दाखला नियमाप्रमाणे मिळावा."

एवढेच. "एरवी नोकरी सोडण्याचा माझा विचार नव्हता" हे वाक्य मुलीस अनावश्यक वाटले होते. आमच्या मते सर्व पत्रात तेच मोलाचे. दोष सिद्ध झाल्यास भरपाई ठरविताना समितीस मानसिक क्लेश, औषधोपचाराचा खर्च आणि त्या घटनेमुळे हुकलेली नोकरीतील संधी, या गोष्टी पाहाव्या लागतात. नोकरी छळामुळे गेली की घरच्या अडचणीमुळे, याचा त्या दिवशीच्या तारखेचा लेखी पुरावा या एका वाक्यात राहतो. घरगुती कारण लिहिणाऱ्या बाईला पुढे आपलेच पत्र खोटे ठरवीत बसावे लागते.

परंतु हक्क राखून ठेवणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. कार्मिक अधिकाऱ्यास पाठविलेला ई-मेलही समितीकडे पोहोचलाच असे समजून चालत नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. या कंपनीत ती होती. सूचनाफलकावर तिच्या सदस्यांची नावे लावलेली होती. (माणसे दहापेक्षा कमी असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते.) राजीनामा दिल्यावर चार दिवसांनी, 25 एप्रिलला, मुलीने समितीच्या अध्यक्ष बाईंच्या हाती तक्रार दिली. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि दोन साक्षीदारांची नावे-पत्ते. आपल्या प्रतीवर तिने तारखेसह पोच घेतली, आणि तीच तक्रार स्पीड पोस्टानेही पाठविली.

पोलिसांचे दार त्या वेळी तिने ठोठावले नाही. ते समितीच्या दाराहून अधिक काळ उघडे असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळास 75 वे कलम आहे. केवळ अश्लील शेरेबाजीचा गुन्हा असेल तर न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची. अंगचटीस जाणे अथवा शरीरसुखाची मागणी करणे यांस तीन वर्षांची. समितीकडे गेले म्हणून हा मार्ग बंद होत नाही.

नोटिशीच्या महिन्यात तिने आणखी एक काम केले. शेवटच्या दिवशी कंपनीचा ई-मेल बंद होणार, आणि 3 मार्चचे पत्र त्यातच अडकलेले! तिने आपण स्वतः पाठविलेल्या तक्रारीच्या छापील प्रती काढून घेतल्या. कंपनीच्या हिशेबाच्या एकाही कागदास हात लावला नाही. तसे केले असते तर चौकशी तिचीच झाली असती.

20 मे रोजी हिशेबाचा अंतिम कागद पुढे आला. त्यात बारीक अक्षरांत छापले होते : "सर्व येणे मिळाले, कंपनी अथवा तिच्या अधिकाऱ्यांविरुद्ध माझी कोणत्याही स्वरूपाची तक्रार नाही." असले कागद आम्ही स्वतः शेकड्यांनी सही करून घेतले आहेत, बहुतेकजण वाचीतही नाहीत. तिने सहीच्या वर हाताने लिहिले, "ही पावती केवळ वर दाखविलेल्या रकमेपुरती. दि. 25 एप्रिलची तक्रार प्रलंबित असून हक्क राखून सही." कारकुनाने कागद घेण्यास नकार दिला. ती सही न करता घरी आली, आणि रात्री तोच मजकूर तिने ई-मेलने अधिकाऱ्यांस कळविला. तिसऱ्या दिवशी फोन आला, की येऊन जा, लिहिलेले चालेल.

चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी असा नियम आहे. नव्या नोकरीतून रजा काढून ती तीनदा समितीपुढे गेली. विभागप्रमुखांतर्फे सांगण्यात आले, की बाई अधिक पगारासाठी गेल्या आणि तक्रार मागाहून सुचली. तेव्हा अध्यक्ष बाईंनी फायलीतून 21 एप्रिलचे पत्र काढून मोठ्याने वाचले. समितीने दोष सिद्ध मानून त्यांच्या पगारातून काही रक्कम कापून मुलीस देण्याची शिफारस केली. त्याविरुद्ध त्यांनी नव्वद दिवसांच्या मुदतीत अपील केले असून ते अद्याप चालू आहे.