पाच स्पीकर वाजतात, पण आवाज दोनच वाटांचा? टीव्ही आणि रिसीव्हरमधली अडचण नेमकी कुठे असते

समजा, एका घरात टीव्हीला ऑप्टिकल केबलने रिसीव्हर जोडला आहे. पाच स्पीकर आणि एक वूफर आहे. ब्लू-रे प्लेअर टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावला आहे. सिनेमा सुरू केला की पाचही स्पीकरमधून आवाज येतो, घरचे खूश होतात. पण रिसीव्हरच्या पट्टीवर PCM आणि शेजारी ‘प्रो लॉजिक’ किंवा ‘न्यूरल’ असं काहीतरी दिसतं. याचा अर्थ टीव्हीकडून फक्त डावा-उजवा असा दोन वाटांचाच आवाज येतोय आणि मागच्या स्पीकरचा आवाज रिसीव्हर अंदाजाने तयार करतोय. डिस्कमधला खरा सराउंड वाटेतच अडकला आहे.

तो का अडकतो, हे केबलच्या क्षमतेवरून कळतं. दोन वाटांचा, न दाबलेला आवाज (म्हणजेच साधा पीसीएम) सेकंदाला सुमारे 1.5 मेगाबिट जागा घेतो. ऑप्टिकल केबलची व्यवस्था तेवढ्याच आवाजासाठी केलेली आहे. पाच स्पीकर आणि वूफर मिळून सहा वाटा होतात, त्यांना तिप्पट जागा लागते. ती तिथे नाहीच. म्हणून डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस हे प्रकार सहा वाटा दाबून लहान करतात. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त 640 किलोबिटमध्ये बसतो, त्यामुळे तो ऑप्टिकलवरून आरामात जातो.

पुढचे प्रकार मात्र ऑप्टिकलवरून जात नाहीत. स्ट्रीमिंग अ‍ॅप बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस वापरतात, आणि त्यांचा अ‍ॅटमॉसही त्याच्याच पोटात येतो. त्यासाठी एचडीएमआयची ARC वाट लागते, आणि टीव्ही व रिसीव्हर या दोघांनाही तो प्रकार कळायला हवा. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तर ARC मध्येही मावत नाहीत. त्यांना सेकंदाला सुमारे 37 मेगाबिटपर्यंत वाहून नेणारी eARC लागते, आणि तीही दोन्हीकडे.

पण नुसती केबल बदलून काम भागेलच असं नाही. प्लेअर टीव्हीला जोडला की तो आधी टीव्हीला विचारतो, ‘तुला कोणते प्रकार चालतात?’ टीव्हीने ‘दोनच वाटा’ असं सांगितलं, तर प्लेअर तेवढाच आवाज पाठवतो. काही टीव्हींमध्ये डीटीएस मुळीच नसतो. आणखी काही टीव्ही आपल्या आतल्या अ‍ॅपचा सराउंड पुढे पाठवतात, पण बाहेरून एचडीएमआयने आलेला आवाज दोन वाटांवर आणून सोडतात.

म्हणून वरच्या घरात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्लेअर टीव्हीतून काढून थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावणं. रिसीव्हरचा HDMI OUT टीव्हीच्या ARC किंवा eARC लिहिलेल्या पोर्टला जोडायचा. आता डिस्कचा आवाज टीव्हीवर अवलंबून राहत नाही. चित्र रिसीव्हरमधून टीव्हीकडे जातं, आणि टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज त्याच केबलने परत येतो. प्लेअर 4के असेल तर रिसीव्हरही 4के चित्र पुढे पाठवणारा हवा. तो जुना असेल तर प्लेअर टीव्हीलाच ठेवावा लागतो. मग टीव्ही जे पुढे पाठवेल त्यावरच भागवावं लागतं.

त्यानंतर सेटिंग. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे CEC आणि ARC चालू करायचं. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत डिजिटल आउटपुट PCM वर असेल तर ते Pass Through करायचं. तो पर्याय नसेल तर Auto. प्लेअरमध्ये Bitstream निवडायचं. आणि आवाज ऐकून ठरवायचं नाही, रिसीव्हरची पट्टी बघायची. तिथे Dolby Digital, DD+, Atmos किंवा DTS दिसलं तर सराउंड पोचला.

तरीही अ‍ॅप लावल्यावर PCM दिसलं, तर लगेच टीव्हीला दोष देऊ नये. बातम्यांची बरीच चॅनेल मुळातच दोन वाटांची असतात. एखाद्या सिनेमाचा मूळ आवाज 5.1 असतो, पण मराठी किंवा हिंदी डब दोन वाटांचा निघतो. अ‍ॅपमधल्या भाषेच्या यादीत नावापुढे 5.1 आहे का ते पाहायचं. ते असूनही पट्टीवर PCM आलं, तर मात्र अडचण टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा केबलच्या वाटेत आहे.