पोटातला गॅस कुठे थांबला?

पोटात कळा येतात, उलट्या होतात आणि दोन दिवस शौच तर नाहीच, पण गॅसही सरत नाही. अशा वेळी अनेकदा रुग्णाला उताणं झोपवून पोटाचा एक्स-रे काढतात. त्यात हाडं पांढरी, वायू काळा आणि मांस व द्रव करडे दिसतात. आतड्याची भिंत सहसा वेगळी उठून दिसत नाही. आतल्या वायूमुळेच आतड्याचा आकार कळतो.

समजा, साठीच्या एका बाईंचा असा एक्स-रे समोर आहे. काही वर्षांपूर्वी त्यांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पोटाच्या मधोमध फुगलेली वेटोळी दिसतात. वेटोळ्यांवरच्या बारीक रेघा या काठापासून त्या काठापर्यंत आरपार जातात, म्हणजे हे लहान आतडं. मोठं आतडं बहुतेक कडेकडेने चौकटीसारखं असतं आणि त्याच्या घड्या सहसा मध्येच संपतात.

आता रुंदी मोजायची. लहान आतडं 3 सेंटिमीटर, मोठं आतडं 6 आणि मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, सीकम, 9 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर ते फुगलेलं मानतात. या बाईंची वेटोळी साडेचार सेंटिमीटर भरतात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत बोलका: वायू कुठे नाही? मोठ्या आतड्यात आणि गुदाशयात तो जवळजवळ दिसतच नाही. वरचं फुगलेलं आणि खालचं रिकामं, म्हणजे अडथळा लहान आतड्यात असावा. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटून तयार होणारे पट्टे हे त्याचं नेहमीचं कारण. तरी जांघेत अडकलेला हर्निया नाही ना, हे हाताने तपासावंच लागतं. याउलट लहान आणि मोठं, दोन्ही आतड्यांत सगळीकडे वायू पसरलेला असेल, तर आतड्याची हालचालच मंदावल्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर किंवा रक्तातलं पोटॅशियम घटल्यावर असं होतं.

पण हा एक्स-रे फसवूही शकतो. अडथळा नुकताच झाला असेल तर खालच्या आतड्यात जुना वायू उरलेला असतो. आतडी द्रवाने गच्च भरली असतील तर काळं काही दिसतच नाही आणि फिल्म साधी वाटते. उताण्या रुग्णात वायू पोटाकडे वर आणि द्रव पाठीकडे खाली जातो. किरण वरून खाली येत असल्याने दोन्हींमधली आडवी पातळी दिसत नाही. ती उभ्याने काढलेल्या एक्स-रेत दिसते. आतडं फुटून पोटात सुटलेली थोडी हवाही उताण्या फिल्ममध्ये सहज निसटते.

म्हणून फिल्म नॉर्मल असली तरी लक्षणं बोलत असतील, तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. अडथळा नेमका कुठे आणि कशामुळे आहे, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हे त्यात बरंचसं कळतं. सतत वाढणारं दुखणं, ताप आणि ताठरलेलं पोट असेल, तर मात्र सर्जनला तातडीने दाखवायचं.