कव्हरवरचे चार शब्द

उकड कोरडी राहिली की मोदक वाफवताना तडकतात, हे सांगणारी अर्ध्या मिनिटाची रील घ्या. कव्हरवर ‘उकड नीट मळा, मोदक फुटणार नाहीत’ लिहिलं, तर उत्तर तिथेच मिळालं. रील कोण उघडेल? ‘ही चूक करू नका!’ यात मोदकांचा पत्ताच नाही. ‘मोदक वाफेतच का फुटतात?’ हे नेमकं बसतं. पदार्थ कळतो, अडचण कळते, कारण तेवढं झाकलेलं राहतं. चित्रही फुटलेल्या मोदकाचंच हवं. उकड मळणारे हात दाखवले, तर शब्दांनी लपवलेलं चित्र सांगून टाकतं. अक्षरं मध्यभागी ठेवा, कारण प्रोफाइलवर उभ्या कव्हरच्या वरखालच्या कडा कापल्या जातात. आणि रीलमध्ये त्या प्रश्नाचं उत्तरच नसेल, तर मजकूर बदला.